शब्दचर्चा : ‘बदामी होईपर्यंत परतणे’ आणि ‘पाण्याचा हबका’

मिरीदाणा : ग्रेव्हीच्या एका कृतीत लिहिलंय, ‘कांदा मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता, लागू लागल्यास पाण्याचा हबका मारा.’ बदामी म्हणजे नेमका कोणता रंग? गुलाबीच्या आधीचा की नंतरचा? आणि हबका म्हणजे किती पाणी?

ताकभात : गुलाबी, सोनेरी, बदामी सगळं एकच, लिहिणाऱ्याची लहर. दहा मिनिटांत होतं. घाई असेल तर चमचाभर साखर घालायची, रंग लगेच येतो.

उभी_चिर : एकच नाही, आणि ग्रेव्हीत हा फरक चवीला कळतो. क्रम असा: पारदर्शक, गुलाबी, सोनेरी, बदामी, मग तांबूस. दहा मिनिटांत येतो तो गुलाबी. त्यात कांद्याचा उग्रपणा कमी झालेला असतो, पण गोडवा उतरलेला नसतो. बदामी म्हणजे बदामाच्या सालीचा रंग, फोडी मऊ आणि जवळजवळ एकजीव. साखरेने रंग येतो खरा, पण साखर स्वतःच आधी तांबूस होते आणि आतला कांदा अर्धा कच्चाच राहतो. तो वाटला की ग्रेव्ही वरून गडद आणि चवीला उग्र लागते.

मिरीदाणा : मग एकूण वेळ किती धरायचा?

उभी_चिर : अर्धा किलो कांदा घ्या. सारख्या जाडीचा उभा चिरा, कारण पातळ फोडी आधी करपतात आणि जाड मागे राहतात. जाड बुडाच्या पसरट कढईत तीन मोठे चमचे तेल, मध्यम आच, कांदा आणि अर्धा चमचा मीठ. मिठाने पाणी लवकर सुटतं. आठ मिनिटं झाकण ठेवून मऊ करा, मग झाकण काढून पाणी आटू द्या. पाणी आहे तोवर रंग चढत नाही, कारण कढईतलं तापमान पाण्याच्या उकळीपाशीच अडकलेलं असतं. चरचर आवाज बारीक झाला की पाणी संपलं. इथून आच मंद करा आणि दर दोन मिनिटांनी उलथन्याने बुडापासून हलवा. सगळं मिळून चाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. कांदा आटून मूठ-दीड मूठ राहतो.

गव्हाळ : हबक्यामुळे माझा कांदा कुरकुरीत होतच नाही. बिर्याणीवर घालायला मला कडक हवा असतो.

उभी_चिर : तो तळलेला कांदा, हे काम वेगळं. तो भरपूर तेलात तळतात आणि त्याला पाणी अजिबात लागू द्यायचं नाही. इथे कांदा वाटणार आहोत, म्हणून मऊच हवा.

रश्शी : हबक्याबद्दल. आमच्याकडे बोटांनी शिंपडतात तो शिपका, आणि ओंजळीने मारतात तो हबका. कढईत खरं तर शिपक्याहून जास्त आणि हबक्याहून कमी पाणी हवं. अर्ध्या किलोला एका वेळी दोन मोठे चमचे, तेही गरम. गार पाण्याने कढई थंड पडते आणि पुन्हा तापेपर्यंत वेळ जातो. बुडाला तपकिरी थर दिसला की लगेच घालायचं आणि उलथन्याने खरवडायचं. तो थरच रंग आणि चव देतो, पाण्यात विरघळून तो पुन्हा कांद्याला लागतो. पाणी आटलं की थर परत धरतो. असं चार-पाच वेळा होतं.

ताकभात : म्हणजे करपलेलं पाण्याने सुटतं?

रश्शी : तपकिरी सुटतं, काळं नाही. काळे ठिपके दिसले आणि जळका वास आला की पाणी घालून खरवडू नका, त्याने कडवटपणा सगळ्या कांद्यात पसरतो. वरचा चांगला कांदा अलगद दुसऱ्या कढईत काढा, बुडाचा सोडून द्या. आलं-लसणाचं वाटणही कांदा बदामी झाल्यावरच घाला, लसूण फार लवकर करपतो.

गव्हाळ : इंडक्शनवर मंद ठेवलं तरी मधला भागच काळा पडतो.

उभी_चिर : बऱ्याच इंडक्शन शेगड्या कमी आचेवर सतत तापत नाहीत, पूर्ण जोराने चालू-बंद होत राहतात. पातळ बुडाच्या भांड्यात मधोमध झटका बसतो. जाड बुडाचं भांडं घ्या, कांदा मधून कडेला सारत राहा आणि पाणी जरा लवकर घाला.

मिरीदाणा : एवढा वेळ मंद आचेवर चालतं, त्याला ‘परतणे’ म्हणावं का? परतणं तर झटपट वाटतं.

रश्शी : मला ‘आटवणे’ जवळचं वाटतं.

उभी_चिर : आटवणं दुधाचं, खव्याचं. त्यात नुसतं पाणी जातं, इथे रंगही चढतो. मी ‘परतत राहा’ असं लिहीन.

रश्शी : ‘परतत राहा’ वाचून लोक सतत ढवळत बसतील, मग थर धरणार कसा?