मदत हवी आहे: जुन्या गिऱ्हाईकाला जादा सूट नाकारायचं पत्र

पुठ्ठेवाली
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. बाबांनी सुरू केला, दोन वर्षांपासून मी बघते. धायरीचे एक फरसाणवाले काका बाबांच्या वेळचे गिऱ्हाईक. दिवाळीसाठी त्यांची ८,००० फाइव्ह प्लाय बॉक्सची पीओ आली आहे, दर ४२ रुपये. यात त्यांची नेहमीची ३ टक्के सूट आधीच धरलेली आहे. पण सोबत मेल आहे, "आणखी ५ टक्के बघा, जुने संबंध आहेत."

ऑर्डर ३,३६,००० ची. ५ टक्के म्हणजे १६,८००. सगळा खर्च जाऊन मला ८ टक्के उरतात, म्हणजे २६,८८०. बाबा म्हणतात, "लेखी कळव, तोंडी बोललीस की विरघळशील." मी हे लिहिलंय:

"आपण आमचे अत्यंत मौल्यवान ग्राहक आहात. परंतु कागदाचे भाव, वीजबिल व मजुरी वाढल्याने सध्या जादा सूट देणे आम्हाला परवडत नाही. याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. आपण समजून घ्याल अशी आशा आहे."

वाचून मलाच ओशाळल्यासारखं होतंय. काय बदलू?

चाकणचा_चक्रधर
कसलं पत्र! ५ टक्के देऊन टाका आणि आतला कागद थोडा हलका लावा. बाहेरून कुणाला कळतंय?

जुनी_खतावणी
कळतं, आणि फार वाईट वेळी कळतं. फरसाणाची खोकी गोदामात एकावर एक सात-आठ थर लागतात. हलक्या कागदाचं सगळ्यात खालचं खोकं आधी दबतं, मग थप्पी कलते. दिवाळीच्या आठवड्यात असा माल परत आला तर १६,८०० नाही, अख्खं गिऱ्हाईक जाईल. हलका कागद लावायचाच असेल तर उघड विचारून, नमुना पाठवून, वेगळ्या दराने लावायचा.

आता पत्राकडे. मी तीस वर्षं खरेदी खात्यात होतो, म्हणजे अशी पत्रं घेणाऱ्या बाजूला. पुठ्ठेवाली, तुमच्या मसुद्यातले दोन शब्द मला खुणावतात. पहिला "परवडत नाही". त्यावर मी लगेच फोन करून विचारलं असतं, "मग किती परवडतं? ३ करा." तो शब्द नकाराचा नाही, घासाघिशीचं आमंत्रण आहे. दुसरा "सध्या". सध्या नाही म्हणजे महिन्याने आहे. मी डायरीत टिपून ठेवलं असतं.

कागद, वीज, मजुरी अशी तीन कारणं दिलीत तर समोरचा त्यातलं सगळ्यात कच्चं धरतो. शिवाय कागद उतरला की हेच पत्र तुमच्यापुढे ठेवून दर कमी मागेल. कारण एकच द्या, जे उद्याही खरं राहील: ४२ हा दर सूट धरूनच काढलेला आहे.

सौ_पौडरोड
माझंही असंच झालं होतं हो! मी केटरिंग करते, मुंजीच्या ऑर्डरला पन्नास पानं कमी झाली आणि वर त्यांना दरही कमी करून हवा होता. मी सरळ ॲडव्हान्स परत केला. पैसे बुडवणाऱ्यांशी गोडीगुलाबी कशाला?

पुठ्ठेवाली
ताई, काका पैसे बुडवत नाहीत. ४५ दिवसांचं क्रेडिट आहे आणि पंचेचाळिसाव्या दिवशी पैसे येतात. म्हणून तर जीव अडकलाय.

टिळकरोड_टंकलेखक
"फक्त या वेळेपुरती खास सूट" असं लिहून २ टक्के द्या. त्यांचाही मान राहील, तुमचंही फार जाणार नाही.

जुनी_खतावणी
मान राहिला पाहिजे हे बरोबर. पण खरेदीच्या फाइलीत "या वेळेपुरती" राहत नाही, फक्त शेवटचा दर राहतो. पुढच्या दिवाळीला बोलणी ४१.१६ पासून सुरू होतील. नुसतं कमी करू नका, काहीतरी बदल्यात घ्या. माल किती गाड्यांत जातो?

पुठ्ठेवाली
त्यांना जागा कमी म्हणून चार छोट्या टेंपोत. फेरीला २,२०० प्रमाणे ८,८००. मोठ्या गाडीने दोन फेऱ्या केल्या तर ३,२०० प्रमाणे ६,४००.

जुनी_खतावणी
मग २,४०० वाचले, म्हणजे बॉक्समागे ३० पैसे. ते त्यांना द्या, तुमच्या खिशातून काही जात नाही. आणि पैसे ४५ ऐवजी १० दिवसांत आले तर १ टक्का. तुमचं कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी असेल तर ३५ दिवसांचं व्याज ३,८०० च्या पुढे जातं, तुम्ही साधारण ३,३०० सोडताय. मात्र ही १ टक्क्याची अट माल जाण्याआधी पत्रात लिहूनच ठेवा. नंतर क्रेडिट नोट काढताना सीए तोच कागद मागेल.

क्रम असा ठेवा: आधी ऑर्डर घेतल्याचं, मग नकार एका वाक्यात, मग हे दोन पर्याय, शेवटी त्यांनी काय कळवायचं ते. नकार शेवटी ढकलला की वाचणारा तिथवर होकाराच्या आशेनेच वाचत जातो. आणि "मौल्यवान ग्राहक" काढा. बाबांच्या वेळच्या माणसाला असं कुणी लिहितं का? क्षमाही मागू नका, चूक झालेली नाही.

पुठ्ठेवाली
हे बघा:

"स.न.वि.वि.
दिवाळीसाठी ८,००० बॉक्सची आपली ऑर्डर मिळाली, आभारी आहोत. ४२ रुपये हा दर आपली नेहमीची ३ टक्के सूट धरूनच काढलेला आहे. त्यावर आणखी ५ टक्के देता येणार नाहीत. कागद नेहमीच्याच प्रतीचा राहील.

माल चारऐवजी दोन गाड्यांत उतरवून घेतलात, तर वाचलेल्या भाड्यापोटी बॉक्समागे ३० पैसे बिलातच कमी लावू. बिलाची पूर्ण रक्कम १० दिवसांत मिळाली, तर १ टक्क्याची क्रेडिट नोट देऊ. दोन्हींपैकी काही सोयीचे नसेल, तर ऑर्डर आहे तशीच ठरल्या तारखांना पोहोचेल.

गाड्या दोन की चार, एवढे शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे माल लावता येईल.
कळावे, लोभ असावा."

टिळकरोड_टंकलेखक
धंद्याच्या पत्रात "लोभ असावा"? लग्नपत्रिका वाटते.

जुनी_खतावणी
राहू द्या. काकांच्या वयाच्या माणसाला तेवढी एक ओळ पुरते. "ऑर्डर आहे तशीच पोहोचेल" हे उत्तम, त्यामुळे धमकीचा वास येत नाही. फक्त मेल पाठवायच्या आधी एक फोन करा. एवढा जुना माणूस, नकार आधी कागदावर वाचू नये.

चाकणचा_चक्रधर
फोन केला की गेली ती. बाबांचं ऐका.

पुठ्ठेवाली
फोन केला नाही, धीर झाला नाही. काल सकाळी मेल पाठवली. दुपारपर्यंत काही नाही, मी चार वेळा मोबाइल बघितला. संध्याकाळी काकांचा मेसेज आला: "दोन गाड्या चालतील, मागची खोली रिकामी करतो. १० दिवसांचं मुलाशी बोलून सांगतो. बाबांना एकदा फोन करायला सांग."

बाबांनी अजून फोन केलेला नाही. म्हणतात, "तो मलाच ५ टक्के मागणार."