हँडल मिळत नाही म्हणून नावच बदलायचं का?

सायली: प्रवासाच्या व्हिडिओंच्या यूट्यूब चॅनलसाठी ‘वाटसरू’ नाव ठरवलंय. समजा @vatsaru हे हँडल आधीच कुणी घेतलेलं निघालं, तर शेवटी अंक जोडून तेच ठेवू की दुसरं शोधू?

मिलिंद: अंक जोडा आणि कामाला लागा. चॅनलचं नाव टाकून शोधतं कोण? लोक ठिकाणाचं नाव टाकतात. तिथे शीर्षक आणि थंबनेल कामाला येतं, हँडलकडे कुणी बघतही नाही.

अनघा: पहिल्या व्हिडिओपुरतं पटलं. पण ज्याला तो आवडला, तो चार दिवसांनी नाव आठवून शोधायला बसतो. हाच शब्द कुणी vatsaru लिहील, कुणी watsaru, कुणी vaatsaroo. त्यात शेवटी _07. एकदा मोठ्याने म्हणून बघा, ‘वाटसरू अंडरस्कोर शून्य सात’. शेपूट गळणार आणि प्रेक्षक भलत्याच चॅनलवर जाणार.

रमेश: पण घेतलेलं नाव यूट्यूब देतंच कुठे?

अनघा: नाव देतं हो! एकाच नावाची कितीही चॅनल असू शकतात, हँडल मात्र एकालाच. म्हणून आधी इन्कॉग्निटोमध्ये रोमन आणि देवनागरी दोन्हींत नाव शोधून बघायचं. गाणी आणि मालिकाच वर येत असतील, तर त्या गर्दीत नवं चॅनल दिसायचं नाही. आणि youtube.com/@… उघडून पान सापडलं नाही, म्हणजे हँडल मोकळं असं समजू नका. कुणी हँडल बदललं की जुनं १४ दिवस त्याच्यासाठी राखून असतं. सेटिंगमध्ये टाकून बघितल्यावरच खरं काय ते कळतं.

सायली, अंकाऐवजी बोलता येईल असा शब्द जोड, आणि तो नावातही घे. ‘वाटसरू सफर’, @vatsarusafar. ‘व’चा घोळ राहतोच, पण ‘सफर’ बहुतेक जण सारखंच लिहितात. शोधताना तोच हाताशी येतो.

फरीदा: जोडशब्द जपून हं. माझ्या स्वयंपाकाच्या चॅनलच्या नावात ‘झटपट’ आहे. शोधात फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण रात्रभर पीठ फुगवायचा ब्रेड दाखवला की खाली हमखास कुणीतरी विचारतं, ‘यात झटपट काय?’

मिलिंद: मग बदला की! १४ दिवसांत दोनदा नाव बदलता येतं. एवढा काथ्याकूट कशाला?

अनघा: पाटी बदलेल. जुन्या व्हिडिओंत तोंडाने घेतलेलं नाव कसं बदलणार?

सायली: आणि देवनागरीत @वाटसरू मिळालं तर? स्पेलिंगचा प्रश्नच मिटला.

मिलिंद: डोळे झाकून घ्या.

अनघा: लिंक कॉपी करून कुठे चिकटवली की %E0%A4 असली लांबलचक माळ होते. शिवाय इन्स्टाग्रामवर देवनागरी युजरनेम चालत नाही, तिथे पुन्हा रोमन आलंच.

फरीदा: माझे बरेचसे प्रेक्षक बोलून शोधतात, टाइप करतच नाहीत. त्यांच्यासाठी मला देवनागरीच बरं वाटतं.