मदत हवी आहे: चॅटचे स्क्रीनशॉट ग्राहक आयोगात द्यायचेत
लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ठिबकच्या नळ्यांची तक्रार द्यायची आहे. विक्रेत्याशी बोलणं त्याच्या वेबसाइटच्या चॅटवर, लॅपटॉपवरून झालं. अख्खं पान एका लांब चित्रात घेतलं की अ‍ॅड्रेस बार आणि घड्याळ दोन्ही गळतात. म्हणून Win + PrtScn ने 14 तुकडे घेतले. प्रत्येकात आधीच्या तुकड्यातले शेवटचे दोन मेसेज पुन्हा दिसतात, म्हणजे मधलं गाळलं असं कुणी म्हणायला नको. चॅटमध्ये तारखेऐवजी नुसतं ‘काल’ येतं. तो काल कोणता, हे कोपऱ्यातल्या तारखेवरूनच कळतं. मूळ फायली न कापता ठेवल्यात, चॅटही पुसलेलं नाही.

भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63(4) च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. तो 14 फायलींचा वेगवेगळा द्यायचा, की सगळ्यांची एक पीडीएफ करून तिचा एकच चालेल?