‘औदुंबर’ शिकवताना गाडी रंगांवरच अडते, मदत हवी आहे

नमस्कार. नागपूरला सातवीला मराठी शिकवते. बालकवींची ‘औदुंबर’ मुलं सुरात म्हणतात. दुसऱ्या वाचनात रंगांखाली रेघ मारायला सांगितली, तर हिरवाळी, निळासांवळा झरा, पांढरी पायवाट, काळिमा सगळं सापडलं. पण भाव विचारला की एकच उत्तर: “कवीला निसर्ग आवडतो!”

मग ‘गोड काळिमा’मधला ‘गोड’ झाकून वाचायला लावलं. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आता भीती वाटते.” तिथे वर्ग जरा जागा झाला. पण पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर शांत की उदास, यावर पुन्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. उत्तर न पुरवता, शब्दाचा पुरावा द्यायला लावेल असा पुढचा प्रश्न कोणता विचारू?