घरघर थांबली, कार्बन डायऑक्साइड ४१ आला: दम्याच्या या झटक्यात मॅग्नेशियम द्यायचे होते का?

रात्रपाळी: मी तातडीच्या विभागात निवासी डॉक्टर आहे. दम्याचा ३१ वर्षांचा रुग्ण आला. एका दमात दोन-तीन शब्दच बोलू शकत होता, श्वास मिनिटाला ३६, नाडी १३८. पहिल्या तासात सॅल्ब्युटॅमॉल आणि इप्राट्रोपियमची तीन नेब्युलायझेशन झाली, आल्या आल्या शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिले. तासाभराने श्वास २४ वर आला, घरघर जवळजवळ थांबली आणि धमनीच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४१ आला. मला वाटले, सुधारतो आहे. वरिष्ठांनी मात्र तत्काळ २ ग्रॅम मॅग्नेशियम सुरू करायला लावले आणि हे अर्ध्या तासापूर्वीच द्यायला हवे होते, असे सुनावले. मोठ्या माणसांत मॅग्नेशियमचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असे मी वाचले आहे. वरिष्ठांचे बरोबर होते का?

अतिदक्षता: मॅग्नेशियमकडे नंतर येऊ, कारण तुमच्या वरिष्ठांना घाई कशाची झाली ते त्या ४१ च्या आकड्यात आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर तो नेहमीच्या मर्यादेत बसतो, म्हणून त्याच्यापुढे खूण पडत नाही आणि इथेच फसगत होते. तासभर मिनिटाला ३६ वेगाने श्वास घेणाऱ्या तरुण माणसाचा कार्बन डायऑक्साइड धुतला जाऊन तिशीच्या आसपास यायला हवा. झटका तीव्र असूनही छाती लढत असेल तर तो तसाच येतो. ४१ याचा अर्थ हवा आत कोंडली जाते आहे, पुरेशी बाहेर पडत नाही आणि श्वासाचे स्नायू दमत चालले आहेत. खालून वर चढणारा दाब ४१ ला थांबत नाही, तो तिथून फक्त जात असतो.

घरघरीचेही तसेच आहे. अरुंद नळीतून हवा जोराने जाते तेव्हा आवाज होतो. हवाच सरकेनाशी झाली तर आवाज करणार कोण? म्हणून घरघर कमी झाल्यावर स्टेथोस्कोप पाठीवर, अगदी खालच्या कडेला ठेवून पाहावे की त्या जागी श्वासाचा मऊ आवाज आला आहे की काहीच ऐकू येत नाही. पहिले असेल तर रुग्ण सुधारतो आहे. दुसरे असेल तर श्वास थांबण्याची वेळ जवळ आलेली असू शकते. तुम्ही सगळे आकडे लिहिले, पण श्वास २४ वर आला तेव्हा तो किती शब्द बोलत होता, हे लिहिलेले नाही. मला सर्वांत आधी तेच विचारायचे आहे.

पुराव्यानिशी: श्वास ३६ वरून २४ वर येणे हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सुधारणेचेच लक्षण आहे आणि एका नमुन्यातल्या एका आकड्यावरून कुणाला मरणाच्या दारात उभे करणे मला पटत नाही. पहिला नमुना घेतलेलाच नाही, मग दाब चढतो आहे की उतरतो आहे, हे ठरवले कशावरून?

मॅग्नेशियमबद्दल तर स्पष्टच लिहितो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या थ्री-एमजी चाचणीत ब्रिटनच्या तातडीच्या विभागांतील सुमारे ११०० प्रौढ रुग्ण होते. एका गटाला शिरेतून २ ग्रॅम, दुसऱ्याला नेब्युलायझरमधून आणि तिसऱ्याला नुसते प्लासिबो दिले गेले. नेब्युलायझरमधल्या मॅग्नेशियमचा काहीही फायदा दिसला नाही, आणि शिरेतल्या मॅग्नेशियमचा ठोस म्हणावा असा फायदा सिद्ध झाला नाही. तरीही धाप घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते लावायची सवय पडली आहे. अंग तापते, रक्तदाब उतरतो, आणि मुख्य म्हणजे काहीतरी केल्याचे खोटे समाधान डॉक्टरांना मिळते. खरे काम स्टेरॉइड करते, आणि ते वेळेवर दिलेले होते.

आई_दोघांची: मी डॉक्टर नाही, पण माझ्या धाकट्याला दोनदा असा झटका आला आहे, म्हणून विचारते. पहिल्या खेपेला त्याला इंजेक्शन न देता स्टेरॉइडच्या नुसत्या गोळ्या दिल्या आणि मी अख्खी रात्र डॉक्टरांवर चिडून होते, की पोराचा जीव घाबराघुबरा झालेला आणि हे गोळी कसली देतात! दुसऱ्या खेपेला दुसऱ्या ठिकाणी थेट शिरेतून दिले. या रुग्णालाही शिरेतून दिले म्हणता, म्हणजे आमच्यावर पहिल्या वेळी हलगर्जीपणाच झाला ना? आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या घरी रोज दिल्या तर झटके टळतील का?

अतिदक्षता: ताई, हलगर्जीपणा झाला नाही. मूल गिळू शकत असेल आणि उलटी होत नसेल, तर पोटातून दिलेले प्रेडनिसोलोन शिरेतल्या औषधाइतकेच काम करते. शिरेतले औषध लवकर लागू पडते हा समज आम्हा डॉक्टरांमध्येही आहे, पण कुठल्याही वाटेने दिले तरी परिणाम दिसायला चार तास किंवा त्याहून अधिक लागतात. ते पहिल्या तासातच द्यायचे ते याचसाठी, की त्याचा उपयोग मध्यरात्रीनंतर होणार असतो. आत्ताची वेळ निभावण्याचे काम श्वासनळ्या उघडणारी औषधेच करतात. घरी मॅग्नेशियमच्या गोळ्या देऊन झटके टळत नाहीत. ते टळतात रोजच्या स्टेरॉइडच्या इनहेलरने, तेव्हा तो चुकवू नका.

पुराव्यानिशी यांचे दोन मुद्दे खरे आहेत: सरसकट मॅग्नेशियम देऊ नये, आणि पहिला नमुना असता तर बोलणे सोपे झाले असते. पण ज्या चाचणीचा दाखला तुम्ही देता तिच्यात जिवाला धोका असल्याची लक्षणे दाखवणारे रुग्ण घेतलेच नव्हते, आणि मूक छाती हे त्यांतलेच एक लक्षण आहे. मध्यम आणि तीव्र झटक्यातल्या रुग्णांवरचा निष्कर्ष या रुग्णाला कसा लावणार? पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, कॉक्रेनने प्रौढांवरच्या अशा सगळ्या चाचण्या एकत्र केल्या, त्यांत तुमची चाचणीही धरली होती. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्यांना शिरेतून मॅग्नेशियम दिले तेव्हा शंभरामागे सुमारे सात रुग्णांना दाखल करावे लागले नाही. फायदा लहान आहे, पण शून्य नाही. आणि जे औषध २० मिनिटांत जाते, श्वासनळीच्या स्नायूत शिरणारे कॅल्शियम अडवून तो सैल करते, आणि ज्याचा धोका गुडघ्याचे प्रतिक्षेप व रक्तदाब पाहत राहिल्यास हाताबाहेर जात नाही, ते इथे रोखून धरण्यात मला अर्थ दिसत नाही. मूत्रपिंड निकामी असेल तर मात्र मीही हात आखडता घेईन.

वॉर्डसिस्टर: माझी वीस वर्षे याच खाटांभोवती गेली आहेत. आकड्यांआधी माणूस कसा बसला आहे ते मी पाहते. खरा दमलेला दमेकरी दोन्ही तळवे खाटेच्या कडेवर रोवून, खांदे कानापर्यंत नेऊन पुढे वाकून बसतो, आणि त्याला मागे टेकवायला गेले तर हात झटकतो. तोच माणूस जेव्हा आपणहून मागे टेकतो आणि मास्क नीट लावू देतो, तेव्हा मी डॉक्टरांना हाक मारते. नवीन मंडळींना तो शांत झाला असे वाटते. हाताची पकड ढिली पडते, डोळे अर्धवट मिटतात, प्रश्न विचारला तर उत्तर उशिरा येते. त्याआधीच्या अर्ध्या तासात तो मास्क ओढून काढत असतो, आणि त्या वेळी कुणी झोपेचे इंजेक्शन लिहून दिले तर मी ते देत नाही, आधी वाद घालते. तो हट्टीपणा नसतो, त्याला हवा मिळत नसते.

नेब्युलायझर ऑक्सिजनवरच, मिनिटाला सहा ते आठ लिटरवर चालला होता ना, हेही एकदा तपासा. साध्या हवेच्या यंत्रावर ठेवल्याने ऑक्सिजन खाली गेलेला मी पाहिला आहे.

रात्रपाळी: नेब्युलायझर ऑक्सिजनवरच होता. पण अतिदक्षता यांच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला वाईट वाटते आहे, कारण तो बोलतच नव्हता. मी विचारले, "बरे वाटते का?" त्याने मान हलवली आणि मी नोंदवहीत "सुधारणा" लिहिले. तो मागे टेकलेला होता, हेही आता आठवते. पाठीवर स्टेथोस्कोप मी ठेवला नव्हता, फक्त पुढून ऐकले होते.

मॅग्नेशियम संपले तेव्हा दुसरा नमुना घेतला. दाब ५४ आला आणि तो हाकेला नीट उत्तर देईना. भूलतज्ज्ञांनी केटामाइन देऊन श्वासनळीत नळी टाकली. त्यानंतर दोन मिनिटांत वरचा रक्तदाब ७० वर उतरला. माझ्या मनात आधी छातीत हवा फुटल्याचाच विचार आला. भूलतज्ज्ञांनी मात्र नळीपासून पिशवी काढून टाकली आणि दोन्ही हातांनी छाती हलकेच दाबून धरली. नळीतून हवा बाहेर पडताना आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती, कितीतरी वेळ. हवा संपली तसा रक्तदाब ११० वर आला. मग व्हेंटिलेटरचा वेग मिनिटाला ८ ठेवला. तिसऱ्या दिवशी नळी निघाली, आता तो वॉर्डात आहे.

पुराव्यानिशी: दाब चढत होता हे ५४ ने दाखवून दिले, तेव्हा माझी शंका चुकीची ठरली, ते मी मान्य करतो. चाचणीतून असे रुग्ण वगळले होते, हेही मी लक्षात घ्यायला हवे होते. पण मग प्रश्न उरतोच: मॅग्नेशियम देऊनही नळी टाकावी लागली, तर ते दिल्याने साधले काय? उलट ती २० मिनिटे भूलतज्ज्ञांना बोलावण्यात गेली असती, तर नळी टाकण्याची वेळ इतकी ऐनवेळी आली नसती.

अतिदक्षता: एका रुग्णावरून औषध चालले की नाही, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. भूलतज्ज्ञांबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ४१ पाहताक्षणी फोन जायला हवा होता, आणि औषध त्याच्या बरोबरीने सुरू व्हायला हवे होते. यांतली एक गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही. नळी हा दम्यात शेवटचा आणि धोक्याचा उपाय आहे, आणि तो धोका तुम्ही डोळ्यांनी पाहिला: आधीच हवेने ताठलेल्या छातीत पिशवीने घाईघाईने श्वास भरले की हृदयाकडे रक्त परत येऊ शकत नाही. म्हणूनच वेग इतका कमी ठेवून प्रत्येक श्वास बाहेर पडायला भरपूर वेळ द्यायचा असतो, त्यापायी कार्बन डायऑक्साइड काही काळ वाढलेला राहिला तरी चालतो. रक्तदाब सावरला नसता, तर मात्र छातीत हवा फुटली असण्याची तुमची शंका पुढे घ्यावी लागली असती.

मॅग्नेशियम दुसऱ्या नेब्युलायझेशननंतर सुरू करावे की तिसऱ्यानंतर, यावर मी वरिष्ठांइतका ठाम नाही. आल्या आल्या ज्याला एक शब्दही धड बोलता येत नाही, त्याला मी थांबवत नाही. इतरांना पहिला तास देतो.

पुराव्यानिशी: तो पहिला तास मी आणखी ताणेन, आणि इथे आपले जमणार नाही. दर वीस मिनिटांनी कुणीतरी त्याच्याकडून एक पूर्ण वाक्य बोलवून घेणार असेल, तरच ताणेन.

वॉर्डसिस्टर: वाक्य आम्ही बोलवून घेऊ, डॉक्टर. नोंदवहीत त्यासाठी रकाना तेवढा आखून द्या.