बाँड म्हणजे नुसता कागद, तर मग ब्लँक चेक कशाला मागतात?

शिरोलीचा_पोरगा
भावाला एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमधनं ऑफर आलीय. डिप्लोमा मेकॅनिकल, पगार 18 हजार. 2 वर्षांचा बाँड, मोडला तर दीड लाख, 6 महिने प्रोबेशन, नोटीस 2 महिने, वर सही केलेले 2 ब्लँक चेक. मी त्याला सांगितलं, बाँड कोर्टात टिकत नाही, कर सही, काम शीक आणि चांगलं मिळालं की पुणं गाठ. सगळे हेच करतात. उगाच बाऊ नको.

माजी_एचआर_कागल
हे वाचून चहा गार झाला माझा. 11 वर्षं कागल पंचतारांकित एमआयडीसीत याच कागदांवर सह्या घेतल्यात, म्हणून बोलतो.

अर्धं खरं आहे तुझं. कोर्ट कुणाला जबरदस्तीनं कामावर बसवत नाही. पण पैशाचा दावा लागतो. करार कायद्याचं कलम 74 सांगतं की कागदावरचा दीड लाख ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. म्हणजे दीड लाख मिळेलच असं नाही, आणि शून्यच निघेल असंही नाही. कंपनीनं खरंच कुठं ट्रेनिंगला पाठवलं, त्याची बिलं आहेत, तर मालकाची बाजू जड. पहिल्या दिवसापासून मशीनवर उभं करून उत्पादन घेतलं आणि त्याला ट्रेनिंग म्हटलं, तर हलकी.

पण खरी मेख आकड्यात नाही, 2 वर्षं मोजायची कधीपासून यात आहे. कागद काढून बघ, "रुजू झाल्यापासून" लिहिलंय की "कायम झाल्यापासून". कायम झाल्यापासून असेल तर प्रोबेशन धरून अडीच वर्षं झाली. त्यात "लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालू" असं असेल, तर पत्र 3 महिने लांबवलं की पावणेतीन.

हिशोब कर. दीड लाखाला 24 महिने, म्हणजे महिन्याला 6,250. भाऊ 18 महिन्यांनी निघाला आणि मोजणी रुजू झाल्यापासून असेल, तर उरले 6 महिने, 37,500. कायम झाल्यापासून असेल तर भरले 12, उरले 12, 75 हजार. पत्र 3 महिने उशिरा आलं असेल तर उरले 15, म्हणजे 93,750. माणूस तोच, दिवस तेच. आणि हे सगळं रक्कम दरमहा कमी होत जाईल असं लिहिलं असेल तर. नसेल तर मागणी पूर्ण दीड लाखाचीच येणार. न दिलेल्या नोटिशीचे 36 हजार वेगळे.

तांबडापांढरा_77
बाँड कितीच्या स्टॅम्पवर हाय? 100 च्या असेल तर फुकट गेला. आता 500 चा लागतो. निवांत रहा भावा.

माजी_एचआर_कागल
500 झालाय, 2024 च्या ऑक्टोबरपासून. पण कमी स्टॅम्पमुळं करार रद्द होत नाही. कोर्टात पुरावा म्हणून लगेच घेत नाहीत एवढंच. राहिलेलं शुल्क आणि दंड भरला की चालतो. या भरवशावर सह्या करणारी पोरं मी बघितलीत.

तांबडापांढरा_77
बरं बाबा, तुम्ही वकील.

उद्यमनगर_वर्कशॉप
आता मालकाचंही ऐका. माझ्याकडं 3 व्हीएमसी मशीन. पोरगं येतं तेव्हा व्हर्निअर नीट धरता येत नाही. 6 महिन्यांत 2 टूल मोडतो, 1 जॉब भंगारात घालतो, ऑफसेट घ्यायला शिकला की सोमवारी फोन बंद. मंगळवारी कळतं, चाकणला गेला. मग बाँड घ्यायचा नाही तर काय आरती करायची? आणि सुप्रीम कोर्टानं 2025 च्या मे महिन्यात विजया बँकेच्या केसमध्ये 3 वर्षांचा बाँड आणि 2 लाख रुपये कायदेशीर धरलेत. टिकत नाही म्हणणाऱ्यांनी वाचा.

माजी_एचआर_कागल
वाचलाय. तो सरकारी बँकेतला सीनियर मॅनेजर होता. जाहिरात, सगळ्यांना खुली भरती, एवढा खटाटोप पुन्हा करावा लागतो, हे कोर्टानं लक्षात घेतलं. तुमच्याकडं पोरगं कुणाच्या तरी ओळखीनं येतं. तोच तर्क 18 हजारांच्या ऑपरेटरला जसाच्या तसा लावता येईल का, मला शंका आहे.

उद्यमनगर_वर्कशॉप
म्हणजे बँकेचा खर्च तो खर्च आणि आमची मोडलेली टूलं म्हणजे चणे-फुटाणे?

हिंजवडी_व्हाया_ताराराणी
टूलं सोडा, आधी पगार बोला. 2016 साली शिरोलीत मला 9 हजार देत होते. मी पण पळालो, लाज नाही वाटत. बाँडनं पोरं टिकत नसतात, पगारानं टिकतात.

उद्यमनगर_वर्कशॉप
आणि तिथं भाडं किती, मेस किती, ट्रॅफिकमध्ये किती तास, ते पण लिही की. इथं घरचं जेवण, रात्री रंकाळ्यावर चक्कर. हातात उरतं किती ते सांग.

हिंजवडी_व्हाया_ताराराणी
रंकाळ्यावरच्या चकरेवर होम लोन मिळत नाही साहेब.

उद्यमनगर_वर्कशॉप
मग सणाला येऊन "कोल्हापुरात इंडस्ट्री वाढत नाही" म्हणून रडायचं नाही. तुमच्यासारख्यांनीच वाट लावली.

हिंजवडी_व्हाया_ताराराणी
वाट आम्ही लावली? ओव्हरटाइम सिंगल रेटनं कोण देत होतं?

पेठेतली_काकू
भांडणं नंतर करा रे. माझ्या मुलीचं सांगते. ती शिक्षिका. संस्थेनं बीएडची मूळ प्रमाणपत्रं "पडताळणीला" म्हणून ठेवून घेतली. दुसरीकडं निवड झाली तर देईनात. आठ महिने हेलपाटे. शेवटी वकिलाची नोटीस गेली तेव्हा शिपायाच्या हातनं लिफाफा आला. तोवर ती जागा गेली होती. बाँड-बिंड काही नव्हता हो. मूळ कागद हातात देऊ नका एवढंच सांगते.

माजी_एचआर_कागल
काकू, अगदी बरोबर. दाखवायचे, झेरॉक्स द्यायच्या, परत घ्यायचे. आणि जवळजवळ तसंच ब्लँक चेकचं, म्हणून मी आधी चिडलो. बाँडचा दावा दिवाणी, त्यात मालकाला नुकसान दाखवावं लागतं. सही केलेला कोरा चेक दिला तर रक्कम समोरचा भरतो. तो परत गेला की बँकेच्या मेमोपासून 30 दिवसांत नोटीस, मग 15 दिवसांत पैसे नाही दिले तर कलम 138, फौजदारी. चेक देणं फेडायलाच दिला होता असं कोर्ट सुरुवातीला धरून चालतं, तसं नाही हे पोरानं सिद्ध करायचं. त्यात पगाराच्या खात्याचाच चेक असला की संपलं.

शिरोलीचा_पोरगा
चेकचं डोक्यातच आलं नव्हतं. आता बाँड नीट वाचला. "कायम झाल्यापासून"च आहे. आणि खाली लिहिलंय, "राजीनामा, गैरहजेरी किंवा कोणत्याही कारणाने सेवासमाप्ती झाल्यास रक्कम देय."

माजी_एचआर_कागल
म्हणजे कंपनीनं काढलं तरी दीड लाख त्यानंच द्यायचे! आणि प्रोबेशनमध्ये कंपनीची नोटीस किती?

शिरोलीचा_पोरगा
24 तास. त्याची 2 महिने.

उद्यमनगर_वर्कशॉप
हे मात्र जास्तच झालं. मी पण असं लिहीत नाही. माझ्याकडं प्रोबेशनमध्ये दोन्हीकडनं 15 दिवस. (माझा बाँड बरोबर आहे हे मत तसंच आहे.)

माजी_एचआर_कागल
चला, मालक एक पायरी उतरले, नोंद घ्या. भावाला ईमेलवर विचारायला सांग, तोंडी नको. मोजणी रुजू झाल्यापासून, रक्कम दरमहा कमी होणारी, "कोणत्याही कारणाने" काढून "राजीनामा दिल्यास", आणि चेक नाहीत. सगळं मान्य होणार नाही. चेकवर अडले तर निदान त्यावर कंपनीचं नाव, रक्कम घालून क्रॉस करून द्यावा आणि "बाँडपोटी तारण" म्हणून लेखी पोच घ्यावी. धोका कमी होतो, जात नाही.

तांबडापांढरा_77
एवढं विचारल्यावर कोण घेणार त्याला कामाला? ऑफरच जाईल.

माजी_एचआर_कागल
जाऊ शकते. तेही खरं.

शिरोलीचा_पोरगा
विचारलं. एचआर म्हणाला, फॉरमॅट बदलत नाही, पण एकच चेक चालेल, रक्कम भरलेला. तारीख मोजायचं "साहेबांना विचारून सांगतो". सोमवारपर्यंत मुदत आहे.

उद्यमनगर_वर्कशॉप
सोमवारी नाही जमलं तर माझ्याकडं पाठव. 15 हजार देतो, चेक नको. बाँड मात्र 1 वर्षाचा घेणार.

हिंजवडी_व्हाया_ताराराणी
15 हजार! आणि म्हणे पोरं पळतात.