मांडी व पोटरीसाठी पॅंटचा पॅटर्न वाढवताना

«कंबर आणि सीट बरोबर बसते, पण मांडी व पोटरी आवळतात. बाजूची शिवण बाहेर काढली की पाय वाकडा दिसतो. काय करावे?»

पाय वाकडा दिसतो, कारण सगळी वाढ एकाच शिवणीत गेल्याने इस्त्रीची घडी पायाच्या मध्यावर राहत नाही. म्हणून प्रत्येक भागावर घडीची रेषा आधी आखून तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच वाढ द्यावी.

समजा मांडीला ४ सेंमी आणि पोटरीला ३ सेंमी हवेत. मांडीपाशी चारही कडांना १ सेंमी द्यावा. बाहेरच्या कडेची वाढ वर हिपपाशी शून्यावर आणावी, आतल्या कडेला मात्र क्रॉचचे टोकच तेवढे पुढे जाते. पुढच्या भागावर ही वाढ गुडघ्यापर्यंत संपवावी. पोटरीचा स्नायू मागे असल्यामुळे तिथली वाढ फक्त मागच्या भागाला, दोन्ही कडांना दीड-दीड सेंमी द्यावी. तिथे केवळ पोटरीच फुगवली तर शिवणीला उंचवटा येतो, म्हणून मागच्या कडा गुडघ्यालाही १ आणि मोहरीला अर्धा सेंमी वाढवाव्यात. मोहरी किंचित रुंद झालेली चालते, फुगवटा चालत नाही, असे माझे ठाम मत आहे.

गुडघ्यामागे साचणाऱ्या आडव्या चुण्या अनेकदा जास्त लांबीच्या नसून पोटरीवर अडकलेल्या कापडाच्या असतात. कच्ची शिवण पोटरीपाशी उसवताच पाय सरळ खाली पडला, तर कारण तेच समजावे. शेवटी पुढच्या-मागच्या शिवणींची लांबी मोजून जुळवावी.